म्हण आठवत नाही, प्रसंग सांगता येत नाही. अर्थ मात्र हवा

‘परवा एक म्हण ऐकली, तिचा अर्थ काय हो?’ असा प्रश्न मराठी शिकवणाऱ्या, मराठीत लिहिणाऱ्या किंवा नुसत्याच चांगले मराठी बोलणाऱ्या माणसाला अधूनमधून विचारला जातो. कोणती म्हण, असे विचारले तर समोरचा म्हणतो, ‘नेमकी आठवत नाही.’ कुठे ऐकली? ‘असंच, बोलता बोलता कुणीतरी म्हणालं.’ शाळेच्या परीक्षेत म्हण छापलेली असते आणि तिचा अर्थ लिहायचा असतो. कधी प्रसंग दिलेला असतो आणि त्याला शोभेल अशी म्हण द्यायची असते. इथे दोन्ही जागा रिकाम्या आहेत आणि उत्तर तरी हवे आहे.

अशा वेळी ‘अहो, म्हणी म्हणजे पूर्वजांच्या अनुभवाचे सार’ असे काहीतरी गोल बोलून सुटका करून घेता येते. दुसरी पळवाट म्हणजे आपल्याला आवडणारी एखादी म्हण सांगून तिचाच अर्थ समजावणे. दोन्हींनी विचारणाऱ्याचे काम होत नाही. त्याला म्हणींविषयी ज्ञान नको असते. कुणीतरी काहीतरी बोलले, ते आपल्याला लागू होते का, आपल्यावर रागावले होते का, एवढेच त्याला कळून घ्यायचे असते. त्यामुळे अर्थ सांगण्याआधी दोन गोष्टी परत मिळवाव्या लागतात: म्हणीचे शब्द आणि त्या शब्दांमागचा प्रसंग. हे काम दिसते तितके अशक्य नाही, कारण मराठी म्हणींची घडण ठरावीक आहे आणि माणसाच्या आठवणीत त्यातले काय उरते, हेही बरेचसे ठरलेले आहे.

आधी ठरवा, म्हणच होती ना?

विचारणारा ज्याला म्हण म्हणतो ते पुष्कळदा वाक्प्रचार असते. ‘कानाला खडा लावणे’, ‘ताकास तूर लागू न देणे’, ‘तोंडाला पाने पुसणे’ हे सगळे वाक्प्रचार. ते बोलणाऱ्याच्या वाक्यात मिसळतात आणि काळ, लिंग, वचन पाहून रूप बदलतात: त्याने कानाला खडा लावला, ती लावेल, आम्ही लावला होता. म्हण अशी वाकत नाही. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ हे वाक्य काल बोलले काय किंवा उद्या बोलले काय, तसेच राहते. त्यात ‘मी’ किंवा ‘तू’ सहसा येत नाही, आणि बोलणारा ती म्हणताना क्षणभर आपले बोलणे थांबवून दुसऱ्या कुणाचे तरी वाक्य उचलल्यासारखा बोलतो. ‘म्हणतात ना’, ‘आमची आजी म्हणायची’ अशी सुरुवात त्यामुळेच होते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: ते वाक्य स्वतंत्र होते, की त्याच्या बोलण्यातच गुंतलेले होते? स्वतंत्र असेल तर म्हणींत शोधायचे. गुंतलेले असेल तर वाक्प्रचारांत, आणि मग क्रियापदाचे मूळ रूप मिळवून शोधायचे. संतांच्या ओव्या-अभंगांतले चरणही रोजच्या बोलण्यात म्हणीसारखे वापरले जातात. त्यांची खूण म्हणजे लय आणि जुनी क्रियापदे. तेव्हा म्हणींच्या पुस्तकात सापडले नाही तर गाथेकडे वळायचे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आठवणीत काय उरते

ऐकलेली म्हण पूर्ण आठवत नाही याचे एक कारण असे की ती बहुधा पूर्ण बोललेलीच नसते. मराठी म्हणी पुष्कळदा दोन भागांच्या असतात: ‘नाचता येईना, अंगण वाकडे’, ‘काखेत कळसा, गावाला वळसा’, ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’. ज्यांना म्हण माहीत आहे त्यांच्यात बोलताना पहिला भाग म्हणून थांबायची पद्धत आहे. ‘काय करणार, नाचता येईना...’ एवढे म्हटले की सगळे हसतात. ज्याला म्हण ठाऊक नाही त्याच्या कानी फक्त नाचणे पडते, आणि तो घरी जाऊन नाचाबद्दलची म्हण शोधू लागतो.

तरी काही गोष्टी टिकतात. एक, वस्तू किंवा प्राणी. गाढव, कोल्हा, हत्ती, आड, चूल, सुंभ, कोहळा असा एखादा ठसठशीत शब्द ध्यानात राहतो. दोन, यमक. ‘कळसा-वळसा’ असे काहीतरी जुळत होते, एवढे लोक सांगू शकतात. तीन, शेवट. वाक्याचा शेवट ‘नये’ असा होता, ‘नाही’ असा होता, की ‘फार’, ‘तीनच’, ‘शहाणी’ असा एखादा शब्द होता, हे बऱ्याचदा आठवते, कारण बोलणारा शेवटावर जोर देतो. चार, त्यात नाते होते का: सासू, सून, मामा, लेक.

तेव्हा ‘म्हण सांगा’ असे विचारण्यापेक्षा ‘त्यात कुठला प्राणी होता? भांडे होते? नातेवाईक होते? शेवटी काय होते?’ असे तुकड्या-तुकड्याने विचारले तर हाती जास्त लागते. मात्र कानाने ऐकलेला शब्द तसाच्या तसा खरा धरू नये. ‘बैल गेला अन् झोपा केला’ या म्हणीतल्या ‘झोपा’ शब्दाचा झोपेशी संबंध नाही. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. बैल पळून गेल्यावर दार बसवले, असा साधा अर्थ. तो शब्द आज घरांतून गेला आहे, त्यामुळे मराठी घरात वाढलेलेही ‘बैल गेला आणि मालक झोपला’ असे चित्र मनात रंगवतात. विचारणाऱ्याने ‘त्यात कुणीतरी झोपले होते’ असे सांगितले तर ही म्हण आठवायला हवी.

तुकड्यावरून शोधायचे कसे

मराठी म्हणींचे बहुतेक संग्रह पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेले असतात. पूर्ण म्हण माहीत असेल तर ते सोयीचे आहे. पण मधला एकच शब्द हाती असेल तर असे पुस्तक पहिल्या पानापासून चाळत बसावे लागते. अशा वेळी विषयवार मांडणी कामाची. रेव्हरंड आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह 1899 मध्ये ऑक्सफर्डहून छापला गेला. त्यात शेती, प्राणी, शरीर, अन्न, नाती असे विभाग आहेत. ‘त्यात कोल्हा होता’ एवढेच माहीत असेल तर प्राण्यांचा विभाग पाहता येतो.

दुसरी वाट शब्दकोशांची. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची आणि दुसरी, वाढवलेली, 1857 ची. त्यात अनेक शब्दांखाली त्या शब्दाच्या म्हणीही दिल्या आहेत. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादलेल्या महाराष्ट्र शब्दकोशातही तसे आहे. याच जोडीने पुढे महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश काढला, तो तर खास याच कामाचा. मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई भाषांच्या कोशसंग्रहात संगणकावर शोधता येतात.

शोधताना दोन ठिकाणी पाय अडकतो. पहिले म्हणजे सामान्यरूप. म्हणीत ‘पाण्याला’ ऐकू येते, पण कोशात ‘पाणी’ पाहावे लागते. ‘विहिरीत’ असेल तर ‘विहीर’, ‘चुलीवर’ असेल तर ‘चूल’. ज्याची मातृभाषा मराठी नाही त्याला हे आपोआप सुचत नाही, त्याला ते सांगावे लागते. दुसरे म्हणजे जुने लेखन. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत उच्चार न होणारे अनुस्वार लिहीत. त्यामुळे जुन्या कोशांत ‘केलें’, ‘झोंपा’ अशी रूपे भेटतात, आणि आजच्या लेखनाने टाइप केलेला शब्द यंत्राला सापडत नाही. असे झाले की अनुस्वार घालून पुन्हा पाहायचे.

सापडलेली म्हण आणि ऐकलेली म्हण शब्दशः सारखी नसली तरी घाबरायचे कारण नाही. म्हणी तोंडातोंडी फिरतात. कुणी ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ म्हणतो, कुणी ‘अडला नारायण धरी गाढवाचे पाय’. गाढव, अडचण आणि पाय धरणे या तीन गोष्टी दोन्हींत आहेत. चित्र तेच राहिले, म्हणजे म्हण तीच. चित्र बदलले, तर ती वेगळी म्हण.

नुसता सूर आठवतो तेव्हा

कधी कधी शब्द एकही उरलेला नसतो. ‘उशीर झाल्याबद्दल काहीतरी होते’ एवढेच माणूस सांगतो. मराठीत उशिरावर एकच म्हण असती तर काम सोपे होते, पण निदान तीन सहज सुचतात आणि तिन्हींत फरक आहे.

‘बैल गेला अन् झोपा केला’ ही नुकसान होऊन गेल्यावर केलेल्या बंदोबस्ताला म्हणतात. चोरी झाल्यावर कुलूप बदलले, तर ती. ‘वरातीमागून घोडे’ यात नुकसान असेलच असे नाही. कार्यक्रम पार पडला आणि मग माणूस किंवा वस्तू येऊन पोचली. लग्न झाल्यावर पत्रिका छापून आल्या, तर ती. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ हे गरज उभी राहिल्यावरच हालचाल सुरू करणाऱ्याला म्हणतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणारा मुलगा त्यात बसतो, कारण अजून काहीच हातचे गेलेले नाही. तेव्हा ‘उशीर’ या उत्तरावर थांबायचे नाही. काही बिघडून गेले होते का, की बिघडण्याच्या बेतात होते, की नुसते चुकले होते? या एका प्रश्नाने तिन्हींची वाटणी होते.

मग उमेदवार म्हणी त्याला मोठ्याने म्हणून दाखवायच्या. आठवून सांगणे कठीण असते, ऐकून ओळखणे सोपे. पण इथे एक काळजी घ्यायला हवी. अर्थ आधी सांगू नये. अर्थ सांगितला की माणूस स्वतःला सोयीचा किंवा ज्याची धास्ती आहे तो अर्थ निवडतो, आणि म्हण ओळखल्याचा त्याला खरोखर भास होतो. म्हणून तीनही म्हणी सारख्याच सुरात, अर्थाविना म्हणायच्या, आणि त्यांत एक मुद्दाम न जुळणारी टाकायची. न जुळणारीलाही त्याने ‘हो, हीच’ म्हटले, तर ओळख पटलेली नाही असे समजायचे आणि आणखी विचारायचे.

कोणाकडे बघून म्हणाल्या?

म्हण सापडली म्हणजे अर्थ सापडला असे होत नाही. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही साधी, सगळ्यांना ठाऊक असलेली म्हण घ्या. मुलीच्या सासरच्या कटकटी ऐकून मैत्रीण ती म्हणते, तेव्हा तो दिलासा असतो: तुझ्याच घरात आहे असे नाही. शेजाऱ्यांच्या भांडणाची चविष्ट चर्चा चालू असताना तीच म्हण आली, तर ती गप्पा आवरण्याची सूचना असते: आपल्याकडेही तेच आहे, जास्त बोलू नका. आणि घरातल्या चुकीबद्दल कुणी जाब विचारला असताना ती म्हटली, तर ती पळवाट असते. शब्द तेच, पण ऐकणाऱ्याला मिळणारी वस्तू तीन वेळा वेगळी. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ हीसुद्धा सुनेला म्हटली तर धीर, सासूला म्हटली तर इशारा.

मराठीने या आडून बोलण्याचीच एक म्हण करून ठेवली आहे: ‘लेकी बोले सुने लागे’. बोलायचे एकीला, लागावे दुसरीला. म्हणून प्रसंग विचारताना ‘काय घडले?’ एवढे पुरत नाही. कोण कोणाशी बोलत होते, कोणाकडे बघत होते, आधीचे वाक्य काय होते आणि म्हण म्हटल्यावर कोण हसले, कोण गप्प झाले, एवढे विचारावे लागते. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी. ज्यांना म्हण समजली त्यांनी आपल्या वागण्याने तिचा अर्थ आधीच सांगून टाकलेला असतो.

एक प्रसंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत

हे सगळे एकत्र कसे चालते ते पाहण्यासाठी एक उदाहरण रचू. बंगळुरूला कन्नड घरात वाढलेली एक मुलगी साताऱ्याच्या घरात लग्न होऊन आली आहे. कामापुरते मराठी समजते, म्हणी नाहीत. गौरीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ती पुण्यातल्या आपल्या मराठी मैत्रिणीला फोन करून विचारते, ‘अगं, काल आईंनी एक म्हण म्हटली आणि सगळे एकदम गप्प झाले. माझं काही चुकलं का?’

मैत्रीण ‘नाही गं, चुकलं कशाला असेल’ असे म्हणून समजूत घालत नाही, कारण तिला अजून काहीच माहीत नाही. ती विचारते, ‘एखादा शब्द आठवतो?’ सून म्हणते, ‘कोपरा होतं काहीतरी. आणि खण.’ आदल्या दिवशी घरात ओटीचे खण-नारळ आले होते, म्हणून तिने आपला अर्थ लावलेला आहे: ओटीचा खण आपण कुठेतरी कोपऱ्यात ठेवला, तो आईंना दिसला आणि त्या सगळ्यांसमोर बोलल्या. ती सकाळपासून त्याच विचारात आहे.

मैत्रीण तो अर्थ बाजूला ठेवते आणि शेवट विचारते. ‘नये’ असे काहीतरी होते, सून सांगते. म्हणजे हा मनाई करणारा उपदेश आहे. मराठी म्हणींत उपदेश बहुधा ‘-वे’ आणि ‘नये’ या दोन शेवटांनी येतो. मैत्रीण तीन म्हणी एका सुरात म्हणते: ‘अंथरूण पाहून पाय पसरावे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये. मऊ सापडले म्हणून कोपराने खणू नये.’ तिसरीला सून मध्येच थांबवते: ‘हीच! कोपरा, खण, नये.’ पहिल्या दोन्हींना ती हो म्हणालेली नाही, त्यामुळे ओळख बऱ्यापैकी पक्की धरता येते. खण म्हणजे ओटीचा खण नव्हता, ते ‘खणणे’ होते. कोपरा नव्हता, हाताचे कोपर होते.

आता म्हणीतले चित्र. जमीन कठीण असेल तर कुदळ लागते, घाम गाळावा लागतो, माणूस आपोआप बेताने खणतो. माती मऊ असेल तर हत्याराचीही गरज पडत नाही, नुसत्या कोपराने खड्डा होतो, आणि म्हणून माणूस थांबत नाही. म्हण सांगते की माती विरोध करत नाही एवढ्यावरून खणत सुटू नये. म्हणजे स्वभावाने गरीब, नकार न देणाऱ्या माणसाचा गैरफायदा घेऊ नये.

इथे मैत्रिणीने थांबून ‘गरिबाला छळू नये असा अर्थ आहे’ असे सांगितले असते, तर सून आणखीच घाबरली असती: म्हणजे मी कुणाला छळले? या म्हणीत दोन माणसे दडलेली आहेत, एक मऊ आणि एक खणणारा. त्या घरात त्या संध्याकाळी कोण कोण होते, हे कळल्याशिवाय अर्थ अर्धाच राहतो. म्हणून ती विचारते, ‘त्याच्या आधी काय चाललं होतं?’

सून सांगते. सकाळपासून स्वयंपाक, नैवेद्याच्या पुरणपोळ्या, पंगती. नणंद माहेरपणाला आलेली. पंगती उठल्यावर सून जरा बसली, तेव्हा ताई म्हणाल्या, ‘वहिनी, उद्या मुलांच्या डब्याला पोळ्या हव्यात, आजच वीसेक आणखी करून ठेव ना.’ सून उठायला लागली आणि आई म्हणाल्या ती म्हण. कोणाकडे बघून? ‘ताईंकडे.’ मग? ‘ताई गप्प झाल्या. बाबांनी पेपर उघडला. हे माझ्याकडे बघून थोडं हसले.’

एवढे कळल्यावर भूमिका ठरतात. मऊ आहे ती सून, खणणारी नणंद. सासूबाईंनी आपल्या लेकीला, सुनेच्या देखत, आवरले. घर गप्प झाले ते त्यामुळे: माहेरपणाला आलेल्या लेकीला सणाच्या दिवशी बोलणे ही काही रोजची गोष्ट नाही. थेट ‘तिला किती राबवशील?’ म्हटले असते तर भांडण झाले असते. म्हणीने तेच सांगितले, कुणाचे नाव न घेता.

पण मैत्रीण अजून एक शक्यता तपासते, कारण लेकी बोले सुने लागे हेही घरोघरी चालते. लेकीकडे बघून बोललेले सुनेसाठी असू शकेल का? ‘काल तू कुणाला काही काम सांगितलं होतंस? दिराला बाजारात पाठवलं होतंस का?’ नाही, तिने दिवसभर कुणालाही काही सांगितलेले नव्हते. तिने दिराला दोनदा बाजारात पिटाळले असते आणि तिसऱ्यांदा पाठवताना ही म्हण आली असती, तर हीच म्हण उलटी वाचावी लागली असती: मऊ तो दीर, खणणारी ती. इथे तसे काही दिसत नाही. म्हणून मैत्रिणीचे उत्तर असे होते: ‘तुझी बाजू घेतली बहुतेक. नवरा हसला, त्यावरूनही तसंच वाटतं. नक्की हवं असेल तर त्यालाच विचार, तो तिथं होता.’

तिच्या उत्तरात ‘बहुतेक’ आहे, ते मुद्दाम. म्हणीचे शब्द आणि चित्र याबद्दल खात्रीने बोलता येते. ते कोणाला उद्देशून होते, हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरवलेले असते. हे दोन भाग वेगळे ठेवून सांगितले की उत्तर प्रामाणिक राहते. ‘या म्हणीचा अर्थ असा’ हे एक वाक्य. ‘तुमच्या प्रसंगात ती अशी लागू पडत असावी’ हे दुसरे. दोन्ही एकत्र कालवले की आपल्या अंदाजाला कोशातल्या अर्थाचे वजन मिळते, आणि त्या अंदाजावर कुणाच्या घरात अबोला सुरू होऊ शकतो.

कडू म्हण गोड करून सांगू नये

शोधता शोधता सापडलेली म्हण अपमानाची निघते, असेही होते. जुन्या म्हणींत जातींवर, विधवांवर, अपंगांवर, सुनांवर बोचरे बोल पुष्कळ आहेत. विचारणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून ‘तसं काही नाही, गमतीनं म्हणतात’ असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा. ती म्हण कोणाला कमी लेखते, हे सरळ सांगावे. त्याचबरोबर आज ती बोलणाऱ्याला हा रोख माहीत असेलच असे नाही, हेही सांगावे. कित्येकजण लहानपणी कानावर पडलेली म्हण शब्दांचा विचार न करता वापरतात. अर्थ लपवला तर विचारणारा उद्या स्वतःच ती म्हण चारचौघांत वापरेल, आणि तेव्हा ऐकणाऱ्यांत ती लागणारा कुणीतरी असेल.

सापडली नाही तर

सगळे करूनही म्हण सापडत नाही, असे अनेकदा होते. एखाद्या घराच्या, एखाद्या गावच्या म्हणी असतात, त्या कुठल्याच संग्रहात नसतात. कधी ती म्हण नसून कुणाच्या आजीचे नेहमीचे वाक्य असते. कधी नाटकातला एखादा संवाद म्हणीसारखा वापरात आलेला असतो. अशा वेळी जवळची एखादी म्हण ‘हीच असेल’ म्हणून हातात देण्यापेक्षा ‘एवढ्यावरून सांगता येत नाही’ म्हणणे बरे. आणि मग विचारणाऱ्याला ज्याच्या तोंडून ती आली त्याच्याकडेच परत पाठवायचे.

परत जाऊन विचारायलाही पद्धत आहे. ‘तुम्ही मला काय म्हणालात?’ असे विचारले तर समोरचा जाब विचारला म्हणून आखडतो. ‘काकू, परवा तुम्ही ती म्हण म्हटलीत ना, ती पूर्ण कशी आहे? मला लिहून घ्यायची आहे,’ असे विचारले तर काकू म्हण तर सांगतातच, ती कुठून शिकल्या, कधी वापरतात, आणि बहुधा त्या दिवशी कोणाला उद्देशून म्हटली होती, तेही सांगून टाकतात. फोन हातात असेल तर परवानगी घेऊन त्यांच्याच आवाजात ती नोंदवून घ्यावी. पूर्ण शब्द, बोलणाऱ्याचे गाव आणि ऐकल्याची वेळ, एवढ्या तीन गोष्टी त्याच दिवशी टिपून ठेवल्या, तर पुढच्या वेळी अर्थ विचारताना आधी कुणाला काही शोधून काढावे लागणार नाही.